शिफॉन, जॉर्जेट, ब्रोकेड: शिंप्याकडे गेल्यावर काय म्हणायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी बरीच वर्षं शिवणाचे वर्ग घेते. वर्गातल्या मुली आणि परदेशात राहणाऱ्या ओळखीच्या बायका एकच गोष्ट फिरून फिरून विचारतात: इंटरनेटवर कापडाचं नाव इंग्रजीत वाचलंय, आता टेलरकाकांना मराठीत काय सांगू? नाव चुकलं की अस्तर चुकतं, कापड कमी पडतं, मापही बिघडतं. म्हणून ही उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

शिफॉनला मराठीत काय म्हणतात?

शिफॉनच म्हणतात. कोणी शिफान म्हणेल, पण शब्द तोच. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ चिंधी किंवा फडकं असा आहे. आपल्याकडे कापड आलं ते नावासकट आलं आणि दुकानदारानं, शिंप्यानं ते तसंच उचललं. जॉर्जेटचंही असंच. ते नाव जॉर्जेट द ला प्लांत या फ्रेंच शिवणकारणीवरून पडलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्यामुळे मोल्सवर्थच्या कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती 1857 साली निघाली, जॉर्जेट शोधण्यात वेळ घालवू नका. तेव्हा ते नावच जन्माला आलं नव्हतं. जुन्या कोशांत मलमल, मखमल, किनखाब असे शब्द मिळतात, कारण ती कापडं तेव्हा वापरात होती.

कोणी सुचवतं की शिफॉनला ‘झिरझिरीत कापड’ म्हणा. ते नाव नाही, वर्णन आहे. झिरझिरीत मलमलही असते, वायलही असते, ऑर्गंझाही असतो. नुसतं ‘झिरझिरीत’ म्हणालात तर काका यांतलं काहीही समजतील. पण नावापुढे ते वर्णन जोडलं तर फार उपयोग होतो: ‘शिफॉन आहे, अगदी झिरझिरीत, आतलं दिसतं.’ यावरून त्यांना अस्तर लागणार हे न सांगता कळतं.

मग शिंपी कापड ओळखतो तरी कसं? त्याच्या डोक्यात कुठली नावं असतात?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण पुस्तकात वाचतो ते विणीचं नाव असतं. शिंप्याकडे दोन गोष्टी असतात. एक, कापडाच्या दुकानात चालणारं नाव, कारण गिऱ्हाईक तेच घेऊन येतं. दुसरी, सुईखाली आणि कात्रीखाली कापड कसं वागतं याची आठवण. त्याचे शब्द असे: सरकतं, सुळसुळतं, धागे सुटतात, फुगतं, अंगाला चिकटतं, छान पडतं. ‘पडतं’ म्हणजे अंगावर घड्या मऊ उतरतात. याच अर्थानं ‘या कापडाला फॉल चांगला आहे’ असंही म्हणतात. त्याचा साडीला लावायच्या फॉलशी संबंध नाही. नवख्या मुलींचा इथे नेहमी गोंधळ होतो.

म्हणून नाव माहीत नसलं तरी चालतं. तळहाताएवढा तुकडा न्या आणि विचारा, ‘काका, हे तुमच्याकडे काय म्हणून येतं? आणि शिवताना काय त्रास देतं?’ पहिल्या उत्तरात बाजारातलं नाव मिळतं, दुसऱ्यात कापडाचा स्वभाव. दुसरं उत्तर जास्त खरं असतं, कारण दुकानदाराचं नाव कधीकधी विकण्यापुरतं असतं.

शिफॉन आणि जॉर्जेट यांतला फरक हाताला कसा कळतो?

दोन्हींची वीण साधी, एक धागा वर, एक खाली. दोन्हींत धागा जोरात पिळलेला असतो. शिफॉनचा धागा बारीक आणि वीण विरळ, म्हणून ते हलकं आणि जास्त पारदर्शक होतं. जॉर्जेटमध्ये पिळाची दिशा आलटून पालटून ठेवतात, आणि असे पिळलेले धागे एकमेकांना ओढतात. त्यातून कापडाच्या अंगावर बारीक कण उठल्यासारखे दिसतात. बोट फिरवलं की शिफॉन गुळगुळीत लागतं, जॉर्जेट रवाळ लागतं.

घरी करायची सोपी तपासणी: तुकडा एकेरी करून वर्तमानपत्रावर पसरा. शिफॉनमधून छापील अक्षरं बऱ्यापैकी वाचता येतात. जॉर्जेटमधून अक्षरं आहेत एवढं कळतं, वाचताना मात्र डोळे ताणावे लागतात. मग तुकडा मुठीत धरून चुरगाळा आणि सोडा. जॉर्जेट उसळून पुन्हा सरळ होतं, तेव्हा प्रवासात नेसायची साडी असेल तर तीच घ्या असं मी सांगते.

गडद रंगात आणि भरगच्च छपाईत ही तपासणी फसते, कारण रंगच अक्षरं झाकतो. तेव्हा हातावर विश्वास ठेवा. आणखी एक अडचण: दुकानात जाडसर शिफॉन आणि पातळ जॉर्जेट यांची सीमा दुकानदारागणिक बदलते. शिंप्याला त्यानं फारसा फरक पडत नाही, दोन्ही सरकतात. त्याला फक्त एवढंच हवं असतं की अस्तर लागणार की नाही.

दुकानदार ‘फॉक्स जॉर्जेट’ आणि ‘60 ग्रॅम’ म्हणतो, ते काय?

फॉक्स म्हणजे ‘नकली’ या अर्थाचा परदेशी शब्द, बाजारात उच्चारता उच्चारता असा झाला. हे रेशमी जॉर्जेट नव्हे, पॉलिएस्टरचं आहे, एवढाच अर्थ. नकली म्हणून कापड वाईट ठरत नाही, रोज धुवायच्या कपड्याला ते सोयीचं आहे. सुरतेहून येणाऱ्या मालात ‘60 ग्रॅम जॉर्जेट’ असं सर्रास ऐकू येतं. हा कापडाच्या वजनाचा आकडा. आकडा मोठा तेवढं कापड भरीव, आणि भरीव कापडाला घेर चांगला येतो.

‘प्युअर’ म्हटलं की मात्र नीट पाहा. मी एकदा एका दुकानातून ‘प्युअर शिफॉन’ म्हणून ओढणी घेतली आणि इस्त्रीची उष्णता रेशमाइतकी ठेवली. कापड इस्त्रीला चिकटलं. ते पॉलिएस्टर निघालं. तेव्हापासून मी कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरते आणि मोरीत, पाण्याची बादली जवळ ठेवून, पेटवून पाहते. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरते. पॉलिएस्टर वितळून आकसतं आणि कडक मणी उरतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा थोड्या थोड्या दिसतात, तेव्हा इस्त्री मंदच ठेवा.

ब्रोकेडला किनखाप म्हटलं तर चालेल का?

वयस्कर शिंपी असेल तर समजेल, पण त्याच्या डोळ्यांसमोर वेगळंच कापड येईल. किनखाब किंवा किनखाप म्हणजे जरीचं भरगच्च विणकाम असलेलं भारी रेशमी वस्त्र. बनारसचा किनखाब प्रसिद्ध आहे. आज ब्लाऊजसाठी मिळणारं ब्रोकेड बहुतेक वेळा पॉलिएस्टर किंवा मिश्र धाग्याचं असतं आणि जर चमकदार असली तरी धातूची नसते. त्याला किनखाप म्हणणं अतिशयोक्ती होते. बाजारात त्याला ‘ब्रोकेड’ म्हणतात आणि बोलताना बहुतेक जण ‘ब्रोकेट’ म्हणतात. ‘ब्रोकेटचा ब्लाऊज पीस’ म्हणा, सगळीकडे समजतं. ‘बनारसी ब्लाऊज पीस’ म्हणालात तरी तेच दाखवतील. जर नसेल आणि नुसती विणलेली नक्षी असेल तर शिंपी ‘जेकार्ड’ म्हणेल.

ओळखायची खूण कापडाच्या मागच्या बाजूला असते. ब्रोकेडमध्ये पायाभूत विणीच्या जोडीला नक्षीसाठी वेगळा आडवा धागा चालवतात. समोर जिथे बुट्टी नाही तिथे तो धागा मागे तसाच पडून राहतो. म्हणून मागून पाहिलं की लांब लांब सुटे धागे दिसतात, काही कापडांत ते कापूनही टाकलेले असतात. छापील कापडाला मागे असे धागे नसतात. ‘ब्रोकेड प्रिंट’ नावानं छापील कापड विकलं जातं, तिथे ही खूण लगेच कामाला येते.

हेच मागचे धागे पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ आहेत. कापल्याबरोबर कडेचे धागे सुटतात, म्हणून शिवण्याआधी सगळ्या कडांना इंटरलॉक मारून घ्यायला सांगा. शिलाईत एक ते दीड इंच माया ठेवायला सांगा, नाहीतर ब्लाऊज पुढे सैल करता येत नाही. आतून सुटे धागे आणि जर टोचते, म्हणून सुती अस्तर लागतंच. इस्त्री उलट्या बाजूनं, वर सुती फडकं ठेवून. आणि बुट्टीला दिशा असेल, म्हणजे मोर किंवा कोयरी एकाच बाजूला वर असेल, तर पुढचा भाग, पाठ आणि बाही सगळे त्याच दिशेनं कापावे लागतात. तुकडा उलटसुलट मांडून कापड वाचवता येत नाही. अशा वेळी ब्लाऊजला 80 सेंटिमीटर पुरत नाही, 1 मीटर घ्या.

महाराष्ट्रात ब्रोकेडसारखं आपलं स्वतःचं कापड आहे का?

आहे, हिमरू. छत्रपती संभाजीनगरचं, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचं. सूत आणि रेशीम एकत्र वापरून, जादा आडव्या धाग्यानं नक्षी काढलेलं हे कापड किनखाबाचं जवळचं नातेवाईक आहे, पण त्यात सोन्याचांदीच्या जरीचा थाट नसतो. उलटून पाहिलं तर तेच सुटे धागे दिसतील. हिमरूची शाल घेऊन जॅकेट शिवायचं असेल तर शिंप्याला ‘हिमरू आहे, ब्रोकेटसारखे मागे धागे आहेत’ एवढं सांगितलं की त्याला पुढचं काम कळतं.

पैठणीला मात्र ब्रोकेड म्हणू नका. दिसायला दोन्हींत जर आणि नक्षी आहे, पण पारंपरिक पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या त्याच्या जागेतच फिरवून शेजारच्या धाग्यात अडकवतात. म्हणून मागे सुटे धागे लोंबत नाहीत आणि दोन्ही बाजूंनी नक्षी जवळजवळ सारखी दिसते. येवल्याला किंवा पैठणला माग पाहायला मिळाला तर विणकराच्या हाताखाली हे घडताना जरूर पाहा. ‘सेमी पैठणी’ म्हणून येणाऱ्या यंत्रमागाच्या कापडात मागे सुटे धागे असतात. शिवण्याच्या दृष्टीनं ते ब्रोकेडच समजा.

आणि खण?

या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही रोजच्या वापरातले. ओटी भरताना ‘खणा-नारळानं ओटी भरली’ म्हणतो तेव्हा खण म्हणजे चोळीपुरता कापडाचा तुकडा, कुठल्याही कापडाचा. दुसरा अर्थ म्हणजे विशिष्ट विणीचं कापड, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचं, बारीक विणलेली नक्षी आणि दोन्ही बाजूंना काठ असलेलं. ‘खणाचा ब्लाऊज शिवायचाय’ म्हटलं की आज बहुतेक शिंपी दुसरा अर्थ घेतात, ‘खण शिवायचाय’ म्हटलं तर पहिलाही घेतील. पारंपरिक खणाचा पन्हा अरुंद असतो, साधारण 30 इंचांच्या आसपास. नेहमीचा ब्लाऊज पीस 44 इंच पन्ह्याचा धरून हिशेब केलात तर बाही कमी पडते. काठ बाहीला हवा की पाठीला, हे कापायच्या आधी ठरवा.

टेलरला ‘लेहंगा’ शिवायला सांगितलं तर त्यांनी ‘पुरुषाचा का?’ विचारलं. का?

कारण मराठीत लेंगा म्हणजे पुरुषांचा सैल, नाडीचा पायजमा. सदरा-लेंगा ही जोडी आजोबांच्या वयाच्या माणसांना चांगली ठाऊक असते. हिंदीत आणि ऑनलाइन दुकानांवर जो लेहंगा असतो तो आपला घागरा. शहरातल्या बुटिकमध्ये आता ‘लेहंगा’ चालतं, पण गावातल्या शिंप्याकडे किंवा फोनवरून सांगताना ‘घागरा’च म्हणा.

अशा आणखी काही जागा आहेत जिथे शब्द एकच पण कपडा वेगळा. सलवार-कमीजला आपल्याकडे ‘पंजाबी ड्रेस’ म्हणतात, ‘ड्रेस’ म्हटलं तरी टेलर बहुतेक तोच समजतो. पाश्चात्त्य पद्धतीचा एकसलग झगा हवा असेल तर ‘वन पीस’ म्हणा. साडीखाली घालतात तो परकर, आणि लहान मुलीच्या परकर-पोलक्यातलाही परकरच. त्यामुळे ‘परकर शिवायचाय’ म्हणताना ‘साडीचा’ की ‘पोलक्याबरोबरचा’ हे सांगा, कारण पहिल्याला साधं सुती कापड आणि दुसऱ्याला काठाचं रेशमी कापड लागतं. ‘पेटीकोट’ हा शब्द बऱ्याच घरांत मुलींच्या फ्रॉकखालच्या बिनबाह्यांच्या कपड्यासाठी वापरतात. ‘गाऊन’ म्हणजे रात्री घालायचा सुती गाऊन. पार्टीचा लांब झगा हवा असेल तर ‘पार्टी गाऊन’ असं पूर्ण म्हणा. ब्लाऊजला झंपर म्हणणारी पिढी आता थोडीच उरली आहे, पण ग्रामीण भागात हा शब्द अजून ऐकू येतो आणि तो ऐकला की मला फार बरं वाटतं.

एखादी पूर्ण ऑर्डर कशी सांगायची? उदाहरण द्याल का?

देते. माझ्या एका विद्यार्थिनीची बहीण न्यू जर्सीला असते. तिनं इंग्रजी फोटो पाठवला, खाली मजकूर असा: ब्रोकेड ब्लाऊज, फ्लेअर्ड जॉर्जेट लेहंगा, शिफॉन दुपट्टा, पूर्ण अस्तर. कमर 30 इंच, घागऱ्याची उंची 40 इंच. शिवणार पुण्यात, म्हणून कापडही तुळशीबाग आणि लक्ष्मी रोडच्या दुकानांतून घ्यायचं ठरलं.

आधी आम्ही ते मराठीत मांडलं: ब्रोकेटचा ब्लाऊज, सुती अस्तराचा. जॉर्जेटचा अंब्रेला घागरा, अस्तरासह. शिफॉनची ओढणी, चारही बाजूंनी पिको. ‘फ्लेअर्ड’साठी शिंप्याचे दोन शब्द आहेत, अंब्रेला आणि कळीचा, आणि दोन्हींत कापडाचा हिशेब वेगळा. हे विचारल्याशिवाय खरेदीला जाऊच नये.

अंब्रेला म्हणजे पूर्ण गोल. कमर 30 इंच, तिला 6.28 नं भागलं की आतल्या वर्तुळाची त्रिज्या साधारण 4.8 इंच येते. उंची 40 पैकी 2 इंच कमरेचा पट्टा, म्हणजे कापडाची लांबी 38. दोन्ही मिळून 42.8 इंच. जॉर्जेटचा पन्हा 44 इंच. किनार सोडली तर अर्धा-पाऊण इंच उरतो, तो खालच्या पिकोला पुरतो. पन्ह्यात एक अर्धगोल बसतो आणि त्याला लांबी लागते साधारण 87 इंच. दोन अर्धगोलांना 174 इंच, म्हणजे 4.42 मीटर. आम्ही साडेचार मीटर घेतलं. यात खालचा घेर पावणेसात मीटरच्या आसपास मिळतो.

बहिणीची उंची थोडी जास्त असती आणि घागरा 42 इंच हवा असता, तर 44 पन्ह्यात हा गोल बसलाच नसता. तेव्हा मोठ्या पन्ह्याचं कापड शोधावं लागतं किंवा कळ्या कराव्या लागतात. 12 कळ्या, प्रत्येक कळी खाली 12 इंच, म्हणजे घेर 144 इंच. या घागऱ्याला सव्वातीन मीटर पुरतं, पण घेर निम्म्याहून थोडा जास्तच मिळतो. कळ्या एकमेकींना उलटसुलट मांडून कापतात, म्हणून नक्षीला दिशा असेल तर तेवढ्यात भागत नाही.

अस्तराबद्दल मास्टरांनी विचारलं, ‘क्रेप लावू की शांतुन?’ शांतुन हे चकचकीत, सरकणारं अस्तर. जॉर्जेट त्यावर अडकत नाही. सुती अस्तर अंगाला थंड वाटतं, पण त्यावर जॉर्जेट अडकून चालताना वर चढतं. न्यू जर्सीच्या थंडीत घालायचा म्हणून शांतुन ठरलं, अडीच मीटर. अस्तर गोल नको, थोडं घेरदार पुरे. ‘कॅनकॅन लावायचं का?’ हाही प्रश्न येतोच. कॅनकॅन म्हणजे घागरा फुगलेला राहावा म्हणून आत लावायची कडक नेट. बहिणीला नको होती, कारण सूटकेसमध्ये ती जागा खाते.

शिवून झाल्यावर खालची कड लगेच पिको करायची नाही. गोल कापलेल्या कापडात काही भाग तिरका, म्हणजे उरेब येतो, आणि जॉर्जेट तिथे स्वतःच्या वजनानं लांब होतं. घागरा पट्ट्याला धरून निदान एक दिवस आणि रात्र टांगून ठेवावा लागतो, मग जमिनीपासून मोजून कड सारखी कापायची. आमच्या घागऱ्यात बाजूचे भाग तब्बल अर्धा इंच उतरले होते. घाईच्या दिवसांत शिंपी हे टाळतो, म्हणून ऑर्डर देतानाच सांगितलं पाहिजे: ‘मास्टर, टांगून ठेवा, मग पिको करा.’

ओढणीचं शिफॉन अडीच मीटर. ब्लाऊजचं ब्रोकेड 1 मीटर, कारण बुट्टीला दिशा होती. बहिणीच्या मूळ मजकुरातल्या एका ओळीची अशी सहा वेगवेगळी सूचनावाक्यं झाली आणि शिंप्याला एकदाही फोन करावा लागला नाही.

शिफॉन शिवायला काही शिंपी नाही म्हणतात. त्यांना काय विचारावं?

कापड कापताना सरकतं आणि मशीनच्या दातांत ओढलं जातं, म्हणून ते कंटाळतात. नाकारलं तर राग मानू नका. नको असलेलं काम करून कापड वाया घालवण्यापेक्षा ते बरं. हो म्हणाले तर सुईचा नंबर विचारा. जाडी सुई शिफॉनमध्ये भोक पाडते आणि ते मिटत नाही, त्यामुळे 9 किंवा 11 नंबरची नवी सुई हवी. शिलाईखाली पातळ कागद धरून टीप मारली की कापड सरकत नाही, नंतर कागद फाडून काढतात. आतून कडा दिसतात म्हणून इंटरलॉकऐवजी कड आत दुमडून दुहेरी शिलाई मागा. तिची मजुरी जास्त असते आणि ती योग्य असते.

बिघडलं की नाही हे शिलाईच्या रेषेवरून कळतं. दोन्ही बाजूंना कापड चुरडल्यासारखं उठलं असेल तर धाग्याचा ताण जास्त आहे. तो सैल करून चिंधीवर टीप मारून दाखवायला सांगा.

कापड आधी भिजवायचं का?

सुती अस्तर नेहमी पाण्यातून काढून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्याला अस्तर आटतं आणि वरचं कापड झोळासारखं लोंबतं. पॉलिएस्टर जॉर्जेट-शिफॉनला गरज नाही. रेयॉनचं किंवा रेशमी जॉर्जेट आटू शकतं, आधी छोटा मोजलेला तुकडा भिजवून, वाळवून पाहा. ब्रोकेड भिजवू नका.

‘टू बाय टू’, ‘मांजरपाट’ असले शब्दही टेलर वापरतात. तेही कापडच का?

हो. टू बाय टू हे साध्या सुती ब्लाऊजचं कापड, उभा आणि आडवा दोन्ही धागे दुहेरी असलेलं, म्हणून ते टिकतं. मांजरपाट म्हणजे न धुतलेलं, जाडसर सुती कापड. भारी ब्रोकेड किंवा पैठणी कापायच्या आधी मांजरपाटाचा नमुना शिवून माप पाहून घ्यायची पद्धत आहे. मापाबद्दल शंका असेल तर हे जरूर करायला सांगा, त्याला फार खर्च येत नाही.

वार, मीटर, पन्हा: मोजताना कशात सांगायचं?

दुकानात मीटरमध्ये मागा, शिंप्याला मापं इंचांत द्या. वार हे जुनं माप 36 इंचांचं, मीटरपेक्षा सव्वातीन इंच कमी, म्हणून जुन्या हिशेबाच्या आजीनं ‘अडीच वार’ सांगितलं तर सव्वादोन ते अडीच मीटरच्या दरम्यान घ्या. आणि लांबीबरोबर पन्हा नेहमी विचारा. वरच्या घागऱ्याचा सगळा हिशेब त्या 44 इंचांवरच उभा होता.